हाक आणि उत्तर

परवा रविवारी भाचा घरी आला. समोरचा चहा गार झाला तरी त्याने कपाला हात लावला नाही, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे कळलं. उद्यमबागेत एका वर्कशॉपमध्ये तो नोकरीला आहे. तिथेच हिशेबाच्या खात्यात गोकाककडची एक मुलगी आहे. दोन वर्षं दोघं एकाच बसने येतात-जातात. मागच्या आठवड्यात त्याने धीर करून तिला मनातलं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, ‘नी ननग अण्णन्हंग.’ तू मला अण्णासारखा.

‘आत्ती, अण्णा तर ती कंडक्टरलाही म्हणते,’ भाचा म्हणाला. ‘मग दार बंदच झालं असं कशावरून?’

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. आपल्या भागात अण्णा आणि अक्का हे शब्द हाकेचे आहेत. भाजीवाला अण्णा, शेजारीण अक्का. ती पहिल्या दिवसापासून त्याला अण्णा म्हणत होती, त्यात होकारही नव्हता नि नकारही नव्हता. असं नुसतं हाक मारताना अण्णा म्हणणाऱ्या मुलीशी पुढे लग्न झालेली जोडपी आपल्याच गल्लीत सापडतील.

पण नात्याच्या हिशेबात हा शब्द फार पक्का आहे. बहुतेक कानडी घरांत काकाचा आणि मावशीचा मोठा मुलगा अण्णा होतो, पण मामाचा किंवा आत्याचा मोठा मुलगा ‘भाव’, म्हणजे मेहुण्याला लावतात तोच शब्द. कारण त्याच्याशी लग्न होऊ शकतं. आपल्या मराठी घरांतही मामाची मुलगी करण्याची रीत आहेच. अण्णा म्हणजे ज्याच्याबद्दल तो विचारच मनात आणायचा नाही असा माणूस. तेव्हा हाक मारताना आलेला अण्णा वेगळा आणि लग्नाच्या प्रश्नाला उत्तर म्हणून आलेला वेगळा. भाच्याने विचारलं, त्यानंतर तिने तो शब्द निवडून वापरला. ते उत्तर होतं.

‘मग सरळ नाही का म्हणाली नाही?’ त्याने विचारलं.

याचं उत्तर मला ठाऊक आहे, कारण हे वाक्य मी स्वतः म्हटलेलं आहे. कॉलेजात असताना वाचनालयात भेटणाऱ्या एका मुलाला मी म्हटलं होतं, ‘तुम्ही मला दादासारखे.’ माणूस चांगला होता. सरळ नाही म्हटलं तर त्याचा अपमान होईल, तो रागावेल, चार जणांत बोलेल, अशी भीती होती. दादा म्हटलं की नकारही देता येतो आणि दोघांची अब्रूही राहते. राखीपौर्णिमेला घाईघाईने राखी बांधणाऱ्या मुली आमच्या वर्गातही होत्या. त्याचं कारण तेच.

त्याने मात्र ते नाही म्हणून ऐकलंच नाही. वर्षभर तो दादा होऊन माझी पुस्तकं बदलून आणत राहिला, पण नजर तीच राहिली. प्रत्येक मदतीचं मला ओझं वाटायचं. शेवटी मी वाचनालय सोडलं. माझं वाचन तिथे तुटलं ते पुढे कितीतरी वर्षं. त्या मुलाला वाटत होतं की तो दाराशी धीराने थांबलाय. मला वाटत होतं की बाहेर पडायची वाटच कुणीतरी अडवलीय.

भाच्याला मी एवढंच सांगितलं. दार कधीच उघडत नाही असं नाही, मन बदलतं. पण बदललं तर ती आपण होऊन, स्वच्छ शब्दांत सांगेल. तिने डब्यातली चपाती पुढे केली, हसून बोलली, ही त्याची खूण नव्हे. तसं ती आधीही करत होती. मैत्रिणीकडून चौकशी करायची नाही. ‘खरं कारण सांग’ म्हणून धरून बसायचं नाही. आणि मनात आशा ठेवून अण्णाचं सोंग तर मुळीच घ्यायचं नाही. तिच्याशी साधेपणाने बोलणं जमत नसेल तर थोडे दिवस आधीची बस धरावी.

‘म्हणजे बंदच समजू?’

‘बंद समज. कडी तिच्या बाजूला आहे, तुझ्या नाही.’

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग उठून स्वतःच चहा गरम करून घेतला. सोमवारी वहिनीचा फोन आला, ‘आज पोरगं अर्धा तास लवकर का गेलं हो?’ मी म्हटलं, काम असेल.