साहेबांच्या प्रस्तावाखाली दुसरा प्रस्ताव

उन्हाळा जवळ आला की पाणीपुरवठ्याच्या प्रत्येक उपविभागात एक टिपणी फिरू लागते: अमुक गावात पाणी कमी पडते, सबब मोठा पंप बसवावा. बहुतेक वेळा ती कल्पना वरिष्ठांची असते, पाहणी दौऱ्यात तोंडी सांगितलेली. कागद तयार करायचे काम मात्र शाखा अभियंत्याकडे येते. त्याला आकडे पटत नसतील तर त्याच्यापुढे दोन सोपे रस्ते असतात. मुकाट्याने सही करायची, किंवा चहाच्या टेबलावर कुरकुर करायची. तिसरा रस्ता म्हणजे त्याच फाईलवर लेखी असहमती नोंदवून सोबत पर्याय देणे. त्याची सवय आपल्या खात्यात फारशी नाही, म्हणून या अंकात एका नमुन्यावर तो चालून पाहू. नमुन्यातले गाव कल्पित आहे. हिशेब मात्र कुणालाही पडताळून पाहता येईल.

गावाची लोकसंख्या चार हजार. माणशी ५५ लिटर धरले तर रोज २ लाख २० हजार लिटर पाणी हवे. विहिरीवर साडेसात अश्वशक्तीचा पंप आहे आणि तिथून जलकुंभापर्यंत ११० मिलिमीटर पीव्हीसी पाइपची तीन किलोमीटर ऊर्ध्ववाहिनी आहे. पाइप ६ किलो दाबाच्या वर्गातला आहे. पंप सेकंदाला ५ लिटर, म्हणजे तासाला १८ हजार लिटर पाणी चढवतो. वीज शेतीपंपांच्या फीडरवरून मिळते, तीही आठच तास. दिवसाला १ लाख ४४ हजार लिटर मिळतात आणि टंचाई दिसते. साहेबांचा प्रस्ताव असा: १५ अश्वशक्तीचा पंप बसवून प्रवाह सेकंदाला ८ लिटर करावा, म्हणजे त्याच आठ तासांत २ लाख ३० हजार लिटर मिळतील.

हा प्रस्ताव अडाणी नाही, आणि तुमच्या टिपणीचा पहिला परिच्छेद हेच सांगणारा असावा. काम एका आठवड्यात होते, खोदाई लागत नाही, रक्कम लहान असल्याने मंजुरी लवकर मिळते, शिवाय आठ तासांची विजेची अडचण साहेबांनी गृहीत धरलेली आहे. तुम्ही त्यांचे म्हणणे असे मांडा की त्याखाली त्यांनी स्वतः सही करावी. ‘साहेबांच्या प्रदीर्घ अनुभवाचा पूर्ण आदर राखून’ ही ओळ गाळली तरी चालेल. ती वाचली की पुढे काय येणार हे साहेबांना कळते आणि ते पुढचा मजकूर रागाने वाचतात.

आता असहमतीचा मुद्दा. तो कागदावर बसून नव्हे, पंपघरात जाऊन मिळतो. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या पुढे, म्हणजे जलकुंभाच्या बाजूला, एक दाबमापक लावा. पंप बंद करून काटा स्थिर होऊ द्या. आपल्या नमुन्यात तो ३.८ किलो दाखवील, कारण जलकुंभातली पाण्याची प्रवेशपातळी ३८ मीटर उंच आहे. मग पंप चालू करा. काटा ५.१ वर जाईल. मधला १.३ किलोचा फरक, म्हणजे १३ मीटर, हे तीन किलोमीटर पाइपमधले घर्षण. प्रवाह मोजायला जलकुंभाचा खालचा व्हॉल्व्ह बंद करून तासाभरात पातळी किती चढली ते पाहिले की पुरते. पंप चालू असताना काटा ५.६ दाखवू लागला तर प्रस्ताव बाजूला ठेवा. वाहिनीत हवा अडकली असेल किंवा एखादा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा असेल, आणि टंचाईचे कारण तेच निघू शकते.

घर्षण प्रवाहाच्या प्रमाणात वाढत नाही, प्रवाहाच्या १.८५ व्या घाताने वाढते. प्रवाह ५ वरून ८ लिटर, म्हणजे १.६ पट केला की घर्षण सुमारे २.४ पट होते. १३ मीटरचे ३१ मीटर होतात. त्यात ३८ मिळवले की पंपाजवळ ६९ मीटर, म्हणजे जवळजवळ ७ किलो दाब येतो. पाइप ६ किलोचा आहे. वीज गेल्यावर बसणारा पाण्याचा तडाखा यात धरलेलाच नाही, आणि वेग वाढला की तोही त्याच प्रमाणात वाढतो. पहिली फूट पंपाजवळच्या सखल भागात, बहुधा एखाद्या जुन्या सांध्यावर होईल, आणि ती ऐन मे महिन्यात होईल. शिवाय पंपाची कार्यक्षमता तीच धरली तरी प्रत्येक लिटर चढवायला सुमारे ३५ टक्के जास्त वीज लागेल, कारण ५१ मीटरऐवजी ६९ मीटर दाबाविरुद्ध पाणी ढकलायचे आहे.

टिपणीत हे तीन वाक्यांत मावते. ‘प्रस्तावित पंप अयोग्य आहे’ असे लिहू नका. ‘प्रस्तावित पंपाने वाहिनीच्या सुरुवातीस ६.९ किलो दाब येईल. वाहिनी ६ किलो वर्गाची आहे. मोजमापे सोबत जोडली आहेत’ असे लिहा. पहिल्या वाक्यात साहेबांची निवड चुकली, असा अर्थ निघतो. दुसऱ्यात पाइपची मर्यादा समोर येते, आणि पाइप साहेबांनी निवडलेला नसतो.

पर्याय इथेच सुरू होतो. पाणी कमी पडण्याचे मूळ कारण पंपाची ताकद नसून चालण्याचे तास आहेत. तोच साडेसात अश्वशक्तीचा पंप १३ तास चालला तर २ लाख ३४ हजार लिटर मिळतात आणि दाब ५.१ च्या वर जात नाही. म्हणून प्रस्ताव असा करा: पंपघराची जोडणी शेतीच्या फीडरवरून गावठाण फीडरवर घ्यावी. त्यासाठी किती खांब लागतील, महावितरणचा अंदाज किती आणि अर्ज कधी दिला, हे लिहा. उन्हाळ्यात विहिरीचा झरा मंदावतो. तेव्हा सलग १३ तास उपसा न करता सकाळ-संध्याकाळ दोन पाळ्यांत करता येईल, हेही जोडा. मात्र विहीर दिवसाला एवढे पाणी देते का, हे आधी उपसा-चाचणीने पाहिलेले असावे. ते नसेल तर तुमचा पर्याय आणि साहेबांचा प्रस्ताव दोन्ही कोरडे पडतील.

यानंतरचा परिच्छेद सगळ्यात कमी लिहिला जातो, आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी तोच. तुमचा पर्याय कधी फसेल, हे स्वतःच लिहा. गावठाण फीडरवर जोडणी मिळाली नाही, किंवा मिळूनही तिथे रोज अकरा तासांहून जास्त भारनियमन झाले, तर १३ तासांचा हिशेब कोसळतो. अशा वेळी प्रवाह वाढवण्याचे साहेबांचे म्हणणे बरोबर ठरते. मात्र तेव्हा पंपाबरोबर जुन्या वाहिनीला समांतर दुसरी ११० मिलिमीटरची वाहिनी घ्यावी लागेल. पाणी दोघींत निम्मे निम्मे वाटले की घर्षण ९ मीटरच्या आत राहते आणि १० अश्वशक्तीचा पंप पुरतो. तिचा खर्च मोठा, पण तीही अंदाजपत्रकासह जोडून ठेवा. त्यामुळे साहेबांना हो किंवा नाही यापेक्षा जास्त काही निवडता येते.

फाईल बहुधा ‘चर्चा करावी’ या शेऱ्यासह परत येईल. हा नकार नव्हे. चर्चेला जाताना दाबमापकाचा फोटो आणि मोजमापांचे पान घेऊन जा. जे ठरेल ते त्याच दिवशी ‘झालेल्या चर्चेनुसार’ म्हणून फाईलवर नोंदवा, निर्णय तुमच्याविरुद्ध गेला तरीसुद्धा. चर्चेनंतर साहेब मोठ्या पंपावरच ठाम राहिले तर काम मनापासून करा. मात्र पंपाजवळचा निदान पाचशे मीटर पाइप १० किलो वर्गाचा घ्यावा आणि तडाख्यासाठी संरक्षक झडप बसवावी, एवढी मागणी लेखी ठेवा.

टंचाईचे प्रस्ताव याच महिन्यात वर जातील. आपल्या हद्दीतल्या ज्या योजनेसाठी मोठा पंप मागितला आहे, तिथे प्रस्तावावर सही करण्याआधी पंप बंद आणि पंप चालू असे दाबमापकाचे दोन आकडे घ्या आणि ते टिपणीच्या पहिल्या पानावर लिहा.