पगार कमी गेला, तर नोटिशीत काय लिहावं

पगार जमा झाल्याचा मेसेज आला आणि आकडा नेहमीपेक्षा कमी दिसला, की कामगार आधी स्वतःवरच शंका घेतो. आपला कुठे खाडा झाला का? सणाला घेतलेली उचल कापली का? मशीनवर अंगठा नीट लागला नसेल का? कार्यालयाकडे बोट दाखवायला तो कचरतो, कारण हिशेब कार्यालयाच्या हातात असतो आणि त्याच्या हातात फक्त तो मेसेज असतो. कारखान्यांच्या पगाराचं काम मी अनेक वर्षं जवळून पाहिलं आहे. कमी गेलेल्या पगाराची नोटीस लिहायची वेळ येते, तेव्हा पहिल्या ओळीने हीच शंका दूर करायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

एका मध्यम कारखान्यातली हकिगत सांगते. औद्योगिक वसाहतीतला कारखाना, गुरुवारी साप्ताहिक सुट्टी. रात्रपाळी पूर्वी १० ते ६ होती. जूनच्या २८ तारखेपासून ती ११ ते ७ झाली. पाळीची वेळ बदलल्याचं फलकावर लागलं, सुपरवायझरांनी तोंडी सांगितलं, पण हजेरीच्या सॉफ्टवेअरमध्ये ती बदलायची राहून गेली. रात्रपाळीचा बाहेरचा पंच सकाळी ७ पर्यंतच धरायचा, असं त्यात जुनं ठरवून ठेवलेलं होतं. एका ऑपरेटरची नोंद मी पाहिली. २८ तारखेला रात्री १०:५२ ला आत. २९ ला सकाळी ७:०४ ला पुन्हा अंगठा. माणूस घरी निघाला होता, पण मशीनने तो अंगठा पहिल्या पाळीला आत येण्याचा धरला. रात्रीच्या हजेरीला बाहेरची वेळच सापडली नाही, म्हणून त्या रात्रीचा खाडा लागला. २८, २९, ३० अशा तीन रात्री रात्रपाळीतल्या प्रत्येकाचं हेच झालं. ज्यांनी रात्रभर मशीन चालवलं, त्यांच्या नावावर तीन दिवस बिनपगारी पडले.

पगार ४ तारखेला, शनिवारी दुपारी जमा झाला. पहिला माणूस टाइम ऑफिसच्या खिडकीशी आला तेव्हा त्याला सांगितलं गेलं, "सोमवारी अर्ज दे, बघतो." पाठोपाठ दुसरा आला, तिसरा आला, आणि तिघेही रात्रपाळीचे निघाले. तिथल्या लेखापालाला इथेच उमगलं. वेगवेगळ्या खात्यांतल्या माणसांचे सारखेच दिवस कापले गेले, तर चूक माणसांची नसते. त्याने पंचाची कच्ची नोंद उघडली आणि अर्ध्या तासात कारण सापडलं.

आता नोटीस लगेच लावायची की सगळा हिशेब झाल्यावर, यावर कार्यालयात वाद झाला. व्यवस्थापकांचं म्हणणं, आकडे हाती आल्याशिवाय काही बोलू नये, नाहीतर गोंधळ वाढेल. मला हे पटत नाही. शनिवारी दुपारी कमी पगार पाहिलेला माणूस सोमवारपर्यंत काय काय करतो? दुकानदाराला तोंड लपवतो, मेव्हण्याकडे हात पसरतो, घरी बोलणी खातो. आकडा माहीत नसला तरी चूक कोणाची आणि पैसे कधी मिळणार, एवढं त्याच संध्याकाळी सांगता येतं. शेवटी तसंच ठरलं. नोटीस गेटवर, कॅन्टीनमध्ये आणि रात्रपाळीच्या मोबाइलवर गेली. मजकूर असा होता :

"रात्रपाळीच्या सर्व कामगार बंधू-भगिनींना. जून महिन्याच्या तुमच्या पगारातून २८, २९ आणि ३० तारखेचे दिवस चुकीने कापले गेले आहेत. तुम्ही कामावर होता, तुमचे पंच बरोबर आहेत. पाळीची वेळ बदलल्यावर हजेरीच्या सॉफ्टवेअरमध्ये ती आम्ही बदलली नाही, ही कार्यालयाची चूक आहे. कष्टाचे पैसे वेळेवर आणि पूर्ण न दिल्याबद्दल आम्ही तुमची माफी मागतो. फरकाची रक्कम मंगळवार, ७ तारखेला संध्याकाळी ५ पर्यंत तुमच्या खात्यात जमा होईल. त्याआधी सोमवारी रात्री पाळीवर येताना प्रत्येकाला दुरुस्त पगारचिठ्ठी मिळेल. कोणीही अर्ज करायची गरज नाही. ज्यांचा कर्जाचा हप्ता ७ तारखेच्या आत आहे, त्यांनी आजच टाइम ऑफिसला फोन करावा. त्यांना उद्या, रविवारीच आगाऊ रक्कम दिली जाईल. या चुकीमुळे हप्ता परत गेला, तर बँकेचा आणि फायनान्स कंपनीचा दंड कारखाना भरेल. सोमवारी रात्री १० ते ११:३० लेखापाल टाइम ऑफिसमध्ये बसतील."

यात दोन गोष्टी मला मोलाच्या वाटतात. रात्री १० ची वेळ ही पहिली. कार्यालय ९ ते ५:३० उघडं असतं आणि रात्रपाळीचा माणूस तेव्हा झोपलेला असतो. त्याला "कार्यालयीन वेळेत भेटावे" असं लिहिणं म्हणजे आपल्या चुकीसाठी त्याची झोप मोडणं. दुसरी गोष्ट हप्त्याची. कर्जाचे हप्ते ज्या व्यवस्थेतून आपोआप कापले जातात, ती ऑगस्ट २०२१ पासून रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीही चालते. ५ तारखेला रविवार आहे म्हणून हप्ता थांबत नाही. खात्यात पुरेसे पैसे नसले तर तो परत जातो, इकडे बँक दंड लावते, तिकडे फायनान्स कंपनी. त्याच वेळी पैसे पाठवायची सोयही डिसेंबर २०१९ पासून बाराही महिने चोवीस तास चालू आहे. "बँक बंद होती" हे कारण आता कोणत्याही कारखान्याला उरलेलं नाही. अडतं ते सहीशी. एक जण पेमेंट चढवतो, दुसरा मंजूर करतो, आणि तो दुसरा रविवारी गावाला गेलेला असतो. इथे संचालकांना शनिवारीच फोन करून ठेवला होता, म्हणून रविवारी सकाळी हप्तेवाल्यांच्या खात्यात प्रत्येकी २,००० रुपये जमा झाले.

मग आकड्याचा प्रश्न. नोटीस कितीही चांगली असली, तरी दुसरी तक्रार इथेच उभी राहते. त्याच ऑपरेटरचा हिशेब घेऊ. त्याचा पूर्ण पगार २०,८००, त्यातला मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १३,०००. महिन्याचे दिवस २६, म्हणजे रोज ८००. तीन दिवसांचे २,४०० झाले, आणि त्याने मनाशी हाच आकडा धरलेला असतो. पण हे पैसे जूनच्या मजुरीचे आहेत, त्यामुळे त्यावरचा प्रॉव्हिडंट फंड आणि ईएसआयही कापावा लागतो. मूळ पगार आणि महागाई भत्त्याचे तीन दिवसांचे १,५००, त्याचे १२ टक्के म्हणजे १८० रुपये फंडाला. २,४०० चे पाऊण टक्का म्हणजे १८ रुपये ईएसआयला. व्यवसाय कराचे २०० आधीच कापले होते, ते पुन्हा नाहीत. हाती येणार २,२०२. रविवारी २,००० मिळालेल्या माणसाच्या खात्यात मंगळवारी २०२ च येतात, आणि हे आधी सांगितलं नसेल तर त्याला वाटतं, पुन्हा फसवलं. म्हणून दुरुस्त चिठ्ठीवर तीन ओळी हव्यात : आधी किती मिळाले (१६,६८२), किती मिळायला हवे होते (१८,८८४), आणि फरक किती व कसा दिला.

सोमवारी हे हिशेब चालू असताना आणखी एक शेपूट निघालं. पूर्ण हजेरी असणाऱ्याला कारखाना महिन्याला ५०० रुपये हजेरी बक्षीस देतो. तीन खाडे लागल्यावर ते आपोआप गेलं होतं. वरच्या ऑपरेटरची महिन्यात एक पगारी रजा झाली होती, म्हणून त्याला ते लागू नव्हतं, पण बाकी बऱ्याच जणांना होतं. नुसते तीन दिवस जोडून दिले असते, तर ही रक्कम राहूनच गेली असती. हजेरीची चूक कधी एकटी नसते. तिच्यावर बक्षीस टेकलेलं असतं, रात्रपाळी भत्ता टेकलेला असतो, रजेची शिल्लकही. म्हणून चुकलेले आकडे हाताने दुरुस्त करत बसू नये. हजेरी दुरुस्त करून त्या माणसांचा पूर्ण पगार नव्याने काढावा आणि जुन्यातून वजा करावा.

"पुढच्या पगारात समायोजित करू" हा सगळ्यात सोपा मार्ग, आणि बहुतेक ठिकाणी तोच धरला जातो. मला तो अन्यायाचा वाटतो. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत पूर्ण हाती पडला पाहिजे, असं कायदा सांगतो. नोटिशीतली मंगळवारची तारीख तिथूनच आली होती. शिवाय एका महिन्याचे पैसे दुसऱ्यात मिसळले की हिशेब बिघडतो. महाराष्ट्रात महिन्याला २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना व्यवसाय कर नाही. २४,००० पगाराच्या ताईंना जुलैत तीन दिवसांचा फरक जोडून दिला, तर आकडा मर्यादेबाहेर जातो आणि चुकीचा भुर्दंड म्हणून २०० रुपयेही त्यांनाच बसू शकतात.

मंगळवारी दुपारी एक अडचण आली. एका कामगाराचे पैसे परत आले. त्याच्या बँकेचं विलीनीकरण झालं होतं आणि फरकाच्या यादीत जुना शाखा कोड राहिला होता. ५ वाजायची वाट न पाहता लेखापालाने त्याला ३:३० ला फोन केला, काय झालं ते सांगितलं आणि नवा कोड विचारून घेतला. साडेसहाला पैसे जमा झाले. वेळ दीड तासाने चुकली, पण चुकणार हे त्याला आधी कळलं होतं.

राहिले कंत्राटी कामगार. त्याच पाळीत, त्याच मशीनवर अंगठा लावणारे, पण पगार ठेकेदाराकडून. फलकावरची नोटीस त्यांनीही वाचली होती आणि त्यांचेही तीन दिवस गेले होते. ठेकेदार म्हणाला, तुम्ही दिलेल्या हजेरीवर मी पगार केला. ते खरंच होतं. कारखान्याने त्याला सोमवारीच दुरुस्त हजेरी लेखी दिली, बिलाची वाट न पाहता फरकाची रक्कम आगाऊ दिली, आणि मंगळवारी त्याच्याकडून पैसे भरल्याची यादी मागून घेतली. त्यांच्यासाठी नोटिशीला एक ओळ नंतर जोडावी लागली. ती पहिल्याच मजकुरात असायला हवी होती.

फंडाचं आणि ईएसआयचं चलन १५ तारखेपर्यंत भरायचं असतं. फरक त्याआधी निघाल्यामुळे जूनचं चलन दुरुस्त आकड्यांनीच गेलं. लेखापालाने त्यानंतर फलकावर आणखी एक छोटा कागद लावला : जूनचा फंड पूर्ण पगारावर भरला आहे, पासबुकात जमा दिसल्यावर ताडून घ्या, कमी दिसला तर रात्री १० नंतर भेटा.