खोलीनिहाय सब-मीटर बसवण्याबाबत महाड-पोलादपूर परिसरातील घरमालक व भाडेकरूंना जाहीर आवाहन

महाड औद्योगिक वसाहतीतील नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी महाड, बिरवाडी आणि पोलादपूर येथे खोली घेऊन राहणाऱ्यांकडून विजेचे बिल बहुधा समान वाटणीने घेतले जाते, आणि त्यामुळे एक पंखा व एक दिवा वापरणाऱ्यास शेजारच्या इंडक्शन शेगडीचा भार उचलावा लागतो. हा अन्याय टाळण्यासाठी महावितरणच्या मुख्य मीटरनंतर प्रत्येक खोलीस सब-मीटर, म्हणजे केवळ त्या खोलीचा वापर मोजणारा खाजगी मीटर, बसवावा.

उदाहरणादाखल, सहा खोल्यांच्या घराचे बिल 420 युनिटांचे व 4,620 रुपयांचे आले, तर सरासरी दर 11 रुपये पडतो. सहा सब-मीटरांची बेरीज 378 भरली, तर उरलेले 42 युनिट पंप व जिन्यातील दिव्यांचे ठरून प्रत्येक खोलीवर 77 रुपये येतात. मग 35 युनिट वापरणारी खोली 462 रुपये आणि 105 युनिट वापरणारी खोली 1,232 रुपये देईल; समान वाटणीत मात्र दोघींना 770 रुपयेच पडले असते. महावितरणचे घरगुती दर 100, 300 व 500 युनिटांच्या टप्प्यांनी चढत जातात आणि टप्पा मुख्य मीटरवरील एकूण वापरावर ठरतो, त्यामुळे सब-मीटर बसवूनही कमी वापराच्या खोलीस खालच्या टप्प्याचा दर मिळत नाही, ही या पद्धतीची मर्यादा भाडेकरूंनी आधीच समजून घ्यावी. घरमालकांनीही सरासरी दराहून अधिक पैसे आकारू नयेत.

खरी गफलत होते ती जुन्या वायरिंगमध्ये, कारण तेथे अनेक खोल्यांची न्यूट्रल तार, म्हणजे वीज परतण्याची तार, एकच असते किंवा एखादा प्लग शेजारच्या खोलीतून ओढलेला असतो. म्हणून परवानाधारक वायरमनकडून प्रत्येक खोलीची फेज व न्यूट्रल या दोन्ही तारा तिच्याच मीटरमधून न्याव्यात. त्यानंतर खोलीतील सर्व उपकरणे बंद करून मीटरवरील लाल दिवा पाहावा. तो तरीही लुकलुकत असेल, तर वीज दुसरीकडे जात आहे किंवा कोठेतरी गळती आहे. मीटरवर एका युनिटास 1600 स्पंद असे छापलेले असल्यास, 100 वॅटचा जुन्या पद्धतीचा एकच बल्ब लावला असता पंधरा मिनिटांत सुमारे 40 वेळा लुकलुक व्हावी. फार फरक आढळल्यास मीटर बदलावा.

22 जुलै 2021 रोजी सावित्रीच्या पुराचे पाणी महाडच्या तळमजल्यांत शिरले होते, हे ध्यानात घेऊन सब-मीटरांचा बोर्ड वरच्या मजल्यावर, पण सर्वांना आकडे वाचता येतील अशा जागी लावावा. ज्या दिवशी मुख्य मीटरचे वाचन होते, त्याच दिवशी घरमालक व भाडेकरूंनी मिळून सर्व सब-मीटरांची नोंद करावी आणि मूळ बिलाची प्रत त्या नोंदीसह जिन्याजवळ लावावी, असे आवाहन करण्यात येत आहे.