वाक्यांची कवायत

आमच्या एका स्नेह्यांची कन्या गेल्या महिन्यात आपला शाळेतील निबंध घेऊन आमच्याकडे आली. निबंधास गुण उत्तम मिळाले होते, खाली तांबड्या शाईने 'वाक्यरचना निर्दोष' असा शेराही होता. आणि तरीही मुलगी खिन्न होती. घरी तिने तो मोठ्या हौसेने वाचून दाखविला, तेव्हा कोणीच काही बोलले नाही, ही तिची तक्रार. 'ज्या आजीविषयी लिहिले, तीसुद्धा ऐकता ऐकता पेंगू लागली,' असे ती म्हणाली. त्या पेंगण्यात आजीचा काही अपराध नव्हता, असे आमचे मत आहे. आणि अपराध कोणाचा, हे सांगण्यासाठीच प्रस्तुत लेख लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

निबंधाचा विषय वाड्यामागील विहीर. त्यातील मुख्य परिच्छेद मुलीच्या अनुमतीने येथे जसाच्या तसा देतो:

'आमच्या वाड्याच्या मागे एक विहीर होती. तिचे पाणी उन्हाळ्यातही कधी आटत नसे. पहाटेपासून तेथे बायकांची मोठी गर्दी असे. रहाटाचा आवाज साऱ्या आळीला ऐकू येई. पुढे गावात नळाचे पाणी सुरू झाले. हळूहळू विहिरीवर येणारी माणसे कमी झाली. गेल्या वर्षी ती विहीर बुजवण्यात आली. त्या दिवशी आजी दिवसभर जेवली नाही.'

वाचकांनी हातात पेन्सिल घेऊन प्रत्येक वाक्यातील शब्द मोजावेत. पहिल्यात सहा, दुसऱ्यात सहा, तिसऱ्यात सहा, आणि असेच शेवटपर्यंत. आठ वाक्ये, अठ्ठेचाळीस शब्द! हा योगायोग नव्हे. 'वाक्य सहा-सात शब्दांपलीकडे जाऊ देऊ नये,' असा वर्गात दंडक आहे, आणि ही गुणी मुलगी बोटांवर मोजून लिहिते. शाळेच्या मैदानावर मुलांनी एका पावलाने चालावे हे ठीकच. पण तीच कवायत वाक्यांकडूनही करून घ्यावयाची, हा न्याय आम्हांस उमगत नाही.

दंडक घालणाऱ्यांची बाजू आम्ही जाणतो. मुलांची वाक्ये लांबली की कर्ता एकीकडे व क्रियापद दुसरीकडे जाते, लिंगवचनाचा मेळ सुटतो, आणि 'आणि'ने 'आणि'ला जोडीत अर्धे पान एका वाक्यात संपते. हे दोष खरे आहेत, आणि छोट्या वाक्यांत ते कमी होतात हेही खरे. शिवाय विष्णुशास्त्री चिपळूणकरांची निबंधमाला १८७४ साली सुरू झाली, तेव्हापासूनची पल्लेदार वाक्ये आजच्या मुलांना झेपत नाहीत, असेही एक गाऱ्हाणे आम्ही ऐकले आहे. ते असो. मूल रस्त्यात हरवू नये म्हणून त्याचे बोट धरणे वेगळे, आणि त्याचे पाय एका मापाच्या दोरीने बांधणे वेगळे.

सारख्या लांबीचा हा उपद्रव मराठीत विशेष का जाणवतो, ते पाहिले पाहिजे. आपल्या भाषेत क्रियापद सामान्यतः शेवटी येते. जुन्या हस्तलिखितांत आजची विरामचिन्हे नव्हती; ती मुद्रणाबरोबर एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. तोवर वाक्य कोठे संपले हे वाचणाऱ्यास कळे, ते मुख्यतः क्रियापद कानी पडल्यावरूनच. मराठी कानाला ही सवय अजूनही आहे. आता वरील परिच्छेदातील केवळ शेवटचे शब्द ओळीने वाचा: होती, नसे, असे, येई, झाले, झाली, आली, नाही. दर सहाव्या शब्दाला तोच ठोका! पहिले दोन ठोके ऐकल्यावर तिसरा केव्हा पडणार हे कानाला आधीच समजते. आणि पुढचे आधीच समजले की लक्ष सुटते. पाळणा सारख्या झोक्यांनी हलवितात तो मूल निजावे म्हणूनच. येथे आजी निजली, एवढाच फरक.

परंतु कानाचा कंटाळा हा या रोगाचा केवळ बाहेरचा ताप होय. मूळ विकार आत आहे, आणि तो असा की समान लांबीमुळे सर्व विचार समान वजनाचे दिसू लागतात. विहिरीचे पाणी आटत नसे, म्हणून गर्दी होई. नळ आले, म्हणून गर्दी ओसरली. विहीर बुजली, आणि आजी जेवली नाही. यांतील 'म्हणून' मुलीच्या मनात होते; कागदावर ते उतरलेच नाही, कारण त्याला जागा द्यावी तर सहाचे सात आणि साताचे तेरा शब्द होतात. परिणाम असा की रहाटाचा आवाज आणि आजीचा उपवास हे दोन्ही एकाच रांगेत, एकाच उंचीचे उभे राहिले. उलट, जेथे शब्द कमी पुरले असते तेथे भरती करावी लागली. 'मोठी गर्दी' यातील 'मोठी' कशासाठी? 'त्या दिवशी' म्हटल्यावर पुन्हा 'दिवसभर' कशासाठी? आम्ही विचारले, तेव्हा मुलीने प्रांजळपणे सांगितले, 'पाचच शब्द होत होते.'

आम्ही तिला शेजारी बसविले आणि एकच गोष्ट करावयास सांगितली. प्रत्येक दोन वाक्यांच्या मध्ये थांबून पाहावे की 'म्हणून', 'तेव्हा', 'पण', 'तरी' यांपैकी एखादा शब्द तेथे आपोआप बसतो काय. बसत असेल तर ती वाक्ये एकमेकांची नातलग आहेत; त्यांना एका घरात राहू द्यावे. बसत नसेल तर वेगळी ठेवावीत. आणि ज्या वाक्यासाठी सारा परिच्छेद लिहिला ते ओळखून, त्यास कोणाच्याही दावणीला बांधू नये. अर्ध्या तासाने तिने लिहिले ते असे:

'आमच्या वाड्याच्या मागे एक विहीर होती. उन्हाळ्यातही न आटणाऱ्या तिच्या पाण्यासाठी पहाटेपासून बायकांची गर्दी होई आणि रहाटाचा आवाज साऱ्या आळीला ऐकू येई. पुढे गावात नळ आल्यावर विहिरीवर येणारी माणसे हळूहळू कमी झाली, आणि गेल्या वर्षी ती विहीरच बुजवण्यात आली. त्या दिवशी आजी जेवली नाही.'

पुन्हा मोजा: सहा, सोळा, सतरा, पाच. एकंदर शब्द चारांनी कमीच झाले, आणि आशय एका कणानेही घटला नाही. हे साधले कसे? 'आटत नसे' हे क्रियापद आपली शेवटची जागा सोडून 'न आटणाऱ्या' असे विशेषण झाले. 'सुरू झाले' हे 'आल्यावर' असे होऊन पुढच्या क्रियेच्या आधारास गेले. धातूला 'णारा', 'लेला', 'ऊन', 'ताना', 'ल्यावर' असे प्रत्यय लावून गौण क्रियेला गौण स्थान देण्याची जी सोय मराठीने आपणांस दिली आहे, तिचाच हा उपयोग. सहा शब्दांच्या दंडकाने ही सारी सोय अडगळीत पडते. आणि शेवटचे पाच शब्द पाहा. दोन लांब वाक्यांनी वाचकास पुढे पुढे नेले, आणि येथे तो एकदम थबकला. शब्द तेच, 'दिवसभर' तेवढे गेले. पण मागे लांब वाक्ये आली म्हणून हे आखूड झाले. आखूडपणा हा वाक्याचा स्वतःचा गुण नसून शेजाऱ्यांवरून ठरतो, ही गोष्ट सर्व वाक्ये आखूड करणाऱ्यांच्या ध्यानी येत नाही.

येथे कोणी चतुर वाचक म्हणेल, 'सोळा आणि सतरा ही तरी जवळजवळ सारखीच झाली की!' झाली खरी. पण त्यांची घडण सारखी नाही. एकात दोन नित्याचे देखावे शेजारी मांडले आहेत. दुसऱ्यात काळ पुढे सरकतो आणि काहीतरी संपते. म्हणूनच शब्द मोजणे हे रोग ओळखण्यापुरते उपयोगी. औषध तराजूने तोलून देता येत नाही. एक लांब, एक आखूड, पुन्हा एक लांब, असा नवा दंडक घातला तर जुन्या कवायतीच्या जागी नवी कवायत आली, इतकेच. मुलीच्या पहिल्या प्रयत्नात नेमके हेच घडले होते. तिने 'गेल्या वर्षी ती विहीर बुजवण्यात आली आणि त्या दिवशी आजी जेवली नाही' असे जोडले. व्याकरण शुद्ध, लांबीही निराळी; पण आजीचे दुःख विहिरीच्या बातमीचे शेपूट होऊन बसले.

दुसरा धोका याहून हास्यास्पद आहे. जोडण्याच्या भरात तिने एकदा लिहिले, 'विहीर बुजवून आजी जेवली नाही.' म्हणजे विहीर आजीनेच बुजविली! 'ऊन' प्रत्यय लावला असता दोन्ही क्रियांचा कर्ता एकच आहे असे वाचक सहसा धरून चालतो. कर्ते भिन्न असतील तेथे 'बुजवल्यावर' म्हणावे, अथवा वाक्ये सुटीच ठेवावीत. अशा चुका होतात म्हणून जोडणेच बंद करावे, असे गुरुजन म्हणतील. आमचे म्हणणे उलट आहे: या चुका वर्गात होऊ द्याव्यात, हसून दुरुस्त कराव्यात, आणि पुन्हा जोडावयास लावावे. जे मूल कधी चुकलेच नाही, ते जोडावयासही कधी शिकले नाही.

सारखी छोटी वाक्ये सर्वत्र निषिद्ध आहेत, असे मात्र आम्ही म्हणत नाही. औषध कसे घ्यावे, आग लागल्यास काय करावे, पुरणाला चटका किती द्यावा, हे सांगताना एका वाक्यात एकच कृती असावी. तेथे डुलकी येण्याचे भय नाही, कारण वाचणाऱ्याचे हात कामात असतात. निबंधाची गोष्ट वेगळी. तेथे वाचकाच्या हाती दुसरे काही नसते. लेखकाच्या वाक्यांवाचून त्याला आधार नाही.

शेरा देणाऱ्या परीक्षकांस आमची विनंती एवढीच की, पुढचा निबंध डोळ्यांनी न तपासता एकदा मोठ्याने वाचावा, आणि समोर ज्याच्या हाती कागद नाही असा एक श्रोता बसवावा. त्याची मान कोठे हलते आणि पापणी कोठे मिटते, ते पाहून मग 'निर्दोष' हा शब्द लिहावा.

मुलीने नवा परिच्छेद घरी पुन्हा वाचला. आजी या खेपेस जागी होती. शेवटचे वाक्य झाल्यावर ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 'नव्हतेच गं जेवले मी. तुझ्या लक्षात होते होय?' पहिल्या निबंधातही ते लिहिलेले होतेच. पण आजीला ते ऐकू आले ते आता.