विलंब शुल्क माफीचे पत्र : विनंती कुठे आणि हक्क कुठे

घरात कुणी आजारी पडून परळच्या एखाद्या रुग्णालयात दाखल झाले की बाकीची सगळी कामे मागे पडतात. क्रेडिट कार्डाचे बिल भरण्याची तारीख त्याच धावपळीत निघून जाते आणि पुढच्या बिलात विलंब शुल्क लागून येते. असे शुल्क माफ करून घेण्यासाठी बँकेला पत्र कसे लिहावे, ते या वेळी पाहू.

प्रथम एक गोष्ट तपासा. तारीख चुकल्यावर तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तरच बँकेला विलंब शुल्क लावता येते, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. म्हणजे १२ जूनची मुदत असेल आणि पैसे १५ जूनला भरले असतील, तर शुल्क लागायलाच नको. तिथे माफी मागू नका. नियमाविरुद्ध लावलेले शुल्क परत करा, असे स्पष्ट लिहा. तसेच बिलाचा काही भाग वेळेत भरला असेल, तर शुल्क उरलेल्या रकमेवरच लागते, पूर्ण बिलावर नाही.

उशीर त्याहून जास्त असेल, तर मात्र आपले पत्र ही विनंती ठरते. आजारपणात शुल्क माफ केलेच पाहिजे, असे बंधन बँकेवर नाही. म्हणून आधी थकलेली रक्कम भरावी आणि मग लिहावे. बाकी शिल्लक ठेवून केलेली विनंती सहसा मान्य होत नाही.

समजा, लालबागच्या एका गृहस्थांचे बिल १८,४०० रुपये होते आणि मुदत १२ जून. ९ ते १७ जून ते रुग्णालयात होते. घरी आल्यावर १८ तारखेला त्यांनी सगळी रक्कम भरली. पुढच्या बिलात ७५० रुपये विलंब शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे १३५ रुपये, असे ८८५ रुपये लागले. शिवाय व्याजाची वेगळी ओळ होती. त्यांचे पत्र असे असावे :

‘मा. ग्राहकसेवा अधिकारी,
विषय : शेवटचे चार अंक ४४१७ असलेल्या कार्डावरील विलंब शुल्क माफ करण्याबाबत.
महोदय, माझ्या बिलाची मुदत १२ जून होती. ९ ते १७ जून या काळात मी रुग्णालयात दाखल असल्याने वेळेत पैसे भरू शकलो नाही. १८ जून रोजी पूर्ण १८,४०० रुपये भरले आहेत. यापूर्वीची बिले मी वेळेवर भरलेली आहेत. तरी विलंब शुल्क ७५० रुपये, त्यावरील जीएसटी १३५ रुपये आणि या बिलावर लागलेले व्याज माफ करावे, ही विनंती. डिस्चार्ज कार्डाची प्रत जोडली आहे. कृपया लेखी उत्तर द्यावे.’

व्याजाचा उल्लेख वेगळा का, हे लक्षात घ्या. आपल्यापैकी अनेक जण व्याज द्यावे लागू नये म्हणूनच दरमहा पूर्ण बिल भरतात. पण मुदत चुकली की बिनव्याजी सवलत जाते आणि खरेदीच्या दिवसापासून व्याज मोजले जाते. वरची तीन दिवसांची सवलत व्याजाला लागू नाही. केवळ ‘शुल्क माफ करा’ असे लिहिले, तर बँक ७५० रुपये परत करून व्याज तसेच ठेवू शकते.

डिस्चार्ज कार्डावर बँकेला नाव, दाखल झाल्याची तारीख आणि घरी सोडल्याची तारीख एवढेच पाहायचे असते. आजाराचे तपशील झाकून प्रत काढली तरी चालते. रुग्ण कार्डधारक नसून अब्बा किंवा अम्मी असतील, तर नाते लिहा आणि त्यांच्यासोबत आपणच थांबलो होतो, हेही लिहा. कार्डाचा पूर्ण क्रमांक, सीव्हीव्ही किंवा ओटीपी पत्रात कधीही देऊ नका. ‘शुल्क परत करतो, ओटीपी सांगा’ असा फोन आला, तर तो बँकेचा नाही असे समजून ठेवून द्या.

पत्र बँकेत नोंदवलेल्या ईमेलवरूनच पाठवा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in येथे विनामूल्य तक्रार करता येते. पण नियमाप्रमाणे लागलेले शुल्क माफ करायचे की नाही, हा बँकेचा स्वतःचा निर्णय असतो. लोकपाल त्यात सहसा पडत नाही. तीन दिवसांच्या आत शुल्क लावले असेल किंवा रक्कम चुकीची मोजली असेल, तर मात्र तिथे आपली बाजू भक्कम असते.

आणखी एक. शुल्क माफ झाले म्हणून पतनोंदीतला उशीर आपोआप पुसला जात नाही. पुढे घरासाठी किंवा मुलांच्या शिक्षणासाठी अर्ज करण्याआधी ती नोंद एकदा पाहून घ्यावी.