आकडा चुकला? आधी कालचा डॅशबोर्ड परत लावा

धरणसाठ्याचा असो, बाजारभावाचा असो की लसीकरणाचा, रोज सकाळी डॅशबोर्ड लोकांपुढे ठेवणाऱ्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. चुकीचा आकडा बाहेर गेला, तर तो तिथल्या तिथे दुरुस्त करत बसू नका. आधी कालचा डॅशबोर्ड परत लावा. दुरुस्ती त्यानंतर शांतपणे करता येते.

धरणसाठ्याचंच उदाहरण घेऊ. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी, म्हणजे सुमारे २९८० दशलक्ष घनमीटर. एक टीएमसी म्हणजे साधारण २८.३ दलघमी. समजा, तुमचा डॅशबोर्ड दलघमीत चालतो आणि १२ ऑगस्टच्या फाइलमध्ये कुणीतरी कोयनेपुढे टीएमसीतला ६२ हा आकडा भरला. प्रत्यक्षात धरण ५९ टक्के भरलेलं असताना पडद्यावर २ टक्के दिसू लागतं. ऐन पावसाळ्यात हा आकडा पाहून लोक घाबरणारच, आणि त्याचा स्क्रीनशॉट गावोगावच्या ग्रुपवर जायला वेळ लागत नाही.

अशा वेळी घाईघाईत अख्ख्या रकान्याला २८.३ नं गुणायचा मोह होतो. पण इतर धरणांचे आकडे दलघमीतच, बरोबर आलेले असतात. आता तेही बिघडतात, आणि मुळात काय आलं होतं हे सांगायला जुना रकानाच शिल्लक राहत नाही. म्हणून रोजचा डेटा एकाच टेबलावर पुसून पुन्हा लिहू नका. प्रत्येक दिवसाचं तारखेच्या नावाचं वेगळं टेबल ठेवा. हाच तुमचा स्नॅपशॉट, आणि एकदा लिहिल्यावर त्याला कुणी हात लावायचा नाही. डॅशबोर्डनं या टेबलांकडे थेट बघू नये. मध्ये एक व्ह्यू ठेवा, त्याला `dharan_chalu` म्हणा, आणि डॅशबोर्ड फक्त त्यालाच जोडा. मग पोस्टग्रेसमध्ये मागे जाणं एवढंच उरतं:

```sql
CREATE OR REPLACE VIEW dharan_chalu AS
SELECT * FROM dharan_2025_08_11;
```

यात एक ओळही पुसली जात नाही, फक्त व्ह्यू कालच्या टेबलाकडे वळतो. १२ तारखेचं चुकीचं टेबल जसंच्या तसं राहतं. चूक नेमकी कुठे शिरली हे शोधायला तेच लागणार आहे, तेव्हा रागाच्या भरात ते उडवू नका.

पण हा आदेश देण्याआधी दोन कामं करा. पहिलं, डेटा भरणारा जॉब थांबवा. तो दर तासाला चालत असेल, तर तुम्ही मागे नेलेला व्ह्यू पुढच्या तासाला पुन्हा त्याच चुकीच्या टेबलावर नेऊन ठेवेल. दुसरं, कालचं टेबल खरंच चांगलं आहे का ते पाहा. तीन-चार मोठ्या धरणांचे आकडे मूळ अहवालाशी ताडून बघा. चूक परवापासूनची असेल, तर एक दिवस मागे जाऊन काहीच साधत नाही.

व्ह्यू बदलूनही पडद्यावर २ टक्केच दिसत असतील, तर बहुधा डॅशबोर्डच्या कॅशमध्ये जुनं उत्तर साठलेलं असतं. ती रिकामी करा आणि दुसऱ्याच्या मोबाइलवर पान उघडून खात्री करा. नव्या फाइलबरोबर रकान्यांची नावं किंवा क्रमही बदलला असेल, तर पोस्टग्रेस वरचा आदेश नाकारतं. अशा वेळी जुना व्ह्यू काढून नवा बनवा, मात्र दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे मधल्या क्षणी पान कोरं पडणार नाही.

कालचा आकडा आजचा म्हणून दाखवणं हीसुद्धा चूकच. म्हणून पानाच्या माथ्यावर ठळकपणे लिहा: ‘११ ऑगस्टची आकडेवारी. १२ तारखेच्या आकड्यांची तपासणी सुरू आहे.’ ज्यांना सकाळीच ईमेल गेले किंवा ज्यांनी एक्सेल उतरवून घेतलं, त्यांच्या हातातला कागद व्ह्यू बदलून सुधारत नाही. त्यांना वेगळं कळवायलाच हवं, आणि तेही चुकलेल्या धरणाचं नाव घेऊन.

दुरुस्त फाइल आली की ती `dharan_2025_08_12_b` अशा नव्या टेबलात भरा. कालच्या टेबलाशी तुलना करा, एका रात्रीत ५९ वरून २ टक्क्यांवर गेलेलं धरण लगेच नजरेत भरतं. सगळं जुळलं की व्ह्यू तिकडे वळवा आणि मगच जॉब पुन्हा सुरू करा.

बिगक्वेरीसारख्या ठिकाणी टेबलाची जुनी अवस्था आपोआप राखली जाते, पण ती जास्तीत जास्त ७ दिवस. सुट्ट्यांमुळे चूक आठव्या दिवशी लक्षात आली, तर त्या वाटेनं मागे जाता येत नाही. धरणांच्या यादीला रोज काहीशे ओळीच लागतात, तेव्हा निदान एका हंगामाची तारीखवार टेबलं स्वतःजवळ ठेवा.