एका तारेवरची दुहेरी वाहतूक

कचेरीतील हिशेबखाते, भांडार आणि सर्व्हर यांना निरनिराळ्या व्हीलॅनमध्ये विभागले, की त्यांच्यातील आवश्यक व्यवहारासाठी राउटिंगची तजवीज करावीच लागते. आणि ती ‘राउटर ऑन अ स्टिक’ पद्धतीने, म्हणजे स्विचला एकाच ट्रंक तारेने जोडलेल्या राउटरवर प्रत्येक व्हीलॅनसाठी स्वतंत्र सबइंटरफेस उघडून करावी, की लेयर थ्री स्विच आणून त्याच्या पोटातच करावी, याचा निर्णय आपल्याकडे बहुधा व्हीलॅनच्या संख्येवरून होतो. माझ्या मते ही कसोटीच अप्रस्तुत आहे. पाहावयाचे ते हे, की वाहतुकीचा मोठा भाग अखेर कोठे जातो.

समजा, संगणक १० क्रमांकाच्या व्हीलॅनमध्ये, फाइल सर्व्हर २० मध्ये आणि ट्रंक एक गिगाबिटची आहे. ही तार दोन्ही दिशांना एकाच वेळी एकेक गिगाबिट वाहून नेते हे खरे. परंतु १० मधून २० कडे निघालेली प्रत्येक फ्रेम त्याच तारेने राउटरकडे जाते, तेथे तिचा टॅग बदलतो, आणि त्याच तारेने ती परत येते. त्यामुळे एकाच दिशेचा प्रवाहसुद्धा तारेच्या दोन्ही बाजू व्यापून बसतो. २०० गिगाबाइटचा बॅकअप पूर्ण वेगाने चालला तरी सुमारे २७ मिनिटे लागतात, आणि तेवढा वेळ दोन व्हीलॅनमधील इतर सर्व व्यवहार खोळंबतो. लहान राउटरचा प्रोसेसर गिगाबिटचा भार पेलू शकत नसेल, तर हा अवधी आणखी लांबतो.

सिस्को राउटरवर या दुखण्याचे निदान `show interfaces` या हुकुमाने होते. ट्रंकच्या पोर्टवर असे दिसले,

```
txload 248/255, rxload 249/255
```

की दोन्ही आकडे एकदमच चढलेले आहेत, एवढ्यावरून तार दुहेरी भाराने भरल्याचे ओळखावे. हे आकडे साधारणतः पाच मिनिटांची सरासरी असतात, म्हणून तपासणी बॅकअप चालू असतानाच करावी.

अशा ठिकाणी लेयर थ्री स्विचवर खर्च करणे मी निःशंकपणे योग्य मानतो, कारण तेथे हे राउटिंग स्विचच्या खास चिपमध्ये होते आणि ट्रंकचा फेरा उरतच नाही. मात्र `ip routing` द्यावयाचे राहिले, तर प्रत्येक संगणकाला आपला गेटवे पिंगला उत्तर देतो, पण पलीकडच्या व्हीलॅनमधील संगणक देत नाही.

उलट, ज्या दवाखान्यातील वा लहान पेढीतील जवळजवळ सर्व वाहतूक इंटरनेटकडेच जाते, तेथे प्रत्येक पॅकेटला नॅटसाठी राउटर गाठावाच लागतो. आणि लेयर थ्री स्विचमध्ये नॅटची सोय बहुधा नसते. तेथे जुनी, स्वस्त पद्धतच उचित.

दोन्ही यंत्रे एकत्र ठेवावयाची असतील, तर स्विचवरून राउटरकडे डिफॉल्ट रूट देऊन भागत नाही. अंतर्गत नेटवर्कांचे परतीचे रूट राउटरवरही लिहावे लागतात, नाहीतर बाहेरून आलेली उत्तरे राउटरपर्यंत येऊन तेथेच हरवतात.